तिसऱ्या कार्डातून गाळलेली ओळ

निवृत्त झाल्यावर माझ्यातली मराठीची बाई काही स्वस्थ बसेना. राजारामपुरीत आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचा छोटा दवाखाना आहे. त्यांनी एक मजकूर लिहून दिला आणि म्हणाल्या, "एकच गोष्ट सांगायचीय, पण तिघांना, तीन वेगळ्या कार्डांवर. क्लासची पोरं, नवे आईबाप आणि बीपी तपासायला येणारे निवृत्त लोक. ज्याला त्याला आपली वाटेल अशी करून द्या."

मजकूर साधा होता. रोज एकच छोटं काम ठरवा. नाही जमलं तर स्वतःला दोष देऊ नका. मन जड झालं तर कुणाला तरी सांगा.

मला चेव आला. पोरांसाठी आधी "भावा" लिहिलं, मग पोरीही येतात म्हणून "दोस्ता" केलं. वाक्यं तोडून बारकी केली. "आज एक धडा. राहिला? राहू दे, उद्या बघू. डोकं जड झालं तर घरी सांग, मित्राला सांग." निवृत्तांना उपदेश चालत नाही, हे स्वतःवरून ठाऊक होतं. तिथं "आपण" आलं, आयुष्यभर ओढलेला संसार आला, आवडीच्या कामाला वेळ आला आणि शेवटी "मनात ठेवू नका, बागेत भेटणाऱ्यांशी बोला."

तिसरं कार्ड आईबापांचं. धडा नाही, छंद नाही, तिथं एक छोटं काम म्हणजे काय? "आज फक्त वेळेवर जेवा" असं लिहिलं, ते बरं जमलं. पण "मन जड झालं तर" लिहिताना हात अडला. पाळणा हललेल्या घरात रडगाणं कशाला? बाळंतिणीनं रडू नये, डोळे जातात, असं ऐकतच मी म्हातारी झाले. ती ओळ मी गाळली आणि तिथं लिहिलं, "बाळाचं एक हसू, आणि सगळा शीण पळाला!" स्वतःवर इतकी खूश झाले, की डॉक्टरीणबाईंना न दाखवता तिन्ही कार्डं छापायला दिली.

लसीकरणाच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसले. खोटं कशाला सांगू, कौतुक ऐकायलाच गेले होते.

शेजारी हुपरीहून आलेली सासू-सून होती. सून विशीतली, डोळ्यांखाली काळं. बाळाला दुसरा डोस द्यायचा होता. सासूनं कार्ड मोठ्यानं वाचलं. "बग, लिवलंय की हितं. हसू बघितलं की शीण जातोय. तुलाच काय हुतंय, सारखं रडाया?"

सासू दुष्ट नव्हती. तिच्या हातात मीच पुरावा दिला होता.

मी पटकन म्हणाले, "मीच लिहिलंय ते." अजूनही वाटत होतं, दोघी कौतुक करतील.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. "मावशी, तुमचा खरंच जायचा व्हय शीण?"

माझ्या पहिल्या बाळंतपणाचे दिवस मला चांगले आठवतात. न्हाणीघरात बादलीत पाणी सोडून मी त्या आवाजात रडायचे. बाळ रडलं की जवळ जायची भीती वाटायची. आणि तरी मी त्या पोरीच्या तोंडावर म्हणाले, "हो की! जायचा." का? तर माझं वाक्य खोटं पडू नये म्हणून.

"मग माझंच कायतरी चुकतंय," ती म्हणाली. तेवढ्यात बाळाचा नंबर आला आणि दोघी आत गेल्या.

कार्ड बाकावरच राहिलं होतं. मला माझीच किळस आली. शाळेत पोरं खोटं बोलली की बाकावर उभी करायचे मी!

कार्ड उचललं आणि आत गेले. सून बाळाचा पाय धरून उभी होती, डॉक्टरीणबाई सुई भरत होत्या. "मी खोटं बोलले," मी म्हणाले. "माझा शीण जात नव्हता. मीपण रडायचे."

"रोज?"

"रोज."

बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. माझ्या हातातलं कार्ड घेऊन वाचलं. "शेवटची ओळ कुठाय?" मी मान खाली घातली. त्यांनी सुनेला खुर्चीत बसवलं आणि सासूला म्हणाल्या, "आजी, बाळाला घेऊन जरा बाहेर बसा. मला हिच्याशी बोलायचंय. बाळंतपणानंतर असं मन जड होतं, हिचा दोष नाही. औषधपाणी असतं याला."

सासू घाबरून म्हणाली, "आमास्नी काय म्हाईत ओ, आमास्नी कोण सांगतंय?" आणि बाळाला उराशी धरून बाहेर गेली.

मीही निघाले. दाराशी पोचले तोवर सुनेनं हाक मारली. ती रडत होती, पण रागावलेली नव्हती, तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"मावशी, तुम्हाला म्हाईत हुतं की. मग लिवलं का न्हाई?"