खाकीपर्यंत सर्व कापड

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथीची परीक्षा दिली आणि पाटी ठेवली, त्यानंतर लिहिणं म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरची पत्रं. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुका पाहून हसू नये, एवढीच विनंती. तसं मी हे माझ्यापुरतंच लिहिते आहे. आयुष्यात मी एकदाच चार लोकांनी वाचावं असं काही लिहिलं, आणि त्यात जे लिहिलं नाही त्याची बोच अजून आहे.

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी आमचा रहाटाचा बैल गेला. आमची सांडोरला केळीची वाडी. रहाट थांबला की केळी चार दिवसांत मान टाकते. दुसरा बैल घ्यायला पैसे कमी पडत होते. सासूबाईंनी घरात काय काय विकता येईल ते मनाशी जुळवलं आणि त्यांची नजर माझ्या शिवणयंत्रावर थांबली. ते माझ्या वडिलांनी मुंबईत एका बाईकडून जुनं घेऊन मला लग्नात दिलं होतं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, हाताने फिरवायचं. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलले नाही, तेव्हा त्यांनी ते ठरलं असंच धरलं. माझं न बोलणं सगळ्यांना नेहमी होकारासारखं वाटे.

वसईच्या बाजारात सुई-दोरा विकणारे एक दुकानदार होते. कोणाला यंत्र विकायचं असलं की त्याची माहिती पुठ्ठ्यावर लिहून ते दुकानात खिळ्याला टांगत. यंत्राबद्दल सगळं लिहून आणा, म्हणाले, नाहीतर गिऱ्हाईक मलाच शंभर प्रश्न विचारतं. घरात लिहिता येणारी मी. हे सही करत, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की त्यांना शेतातली कामं आठवत.

यंत्राबरोबर एक पुस्तिका आली होती. इंग्रजी, गुजराती आणि मराठी. मराठीची दोन पानं मी इतकी वाचली होती की पाठ होती. ती समोर ठेवून मी लिहायला बसले. टाका सरळ, वरून एक दोरा आणि खालून एक, पक्का. टाका बारीक-मोठा करायचा स्क्रू आहे. नागमोडी टाका येत नाही, उलटं शिवता येत नाही, काज हाताने करावं लागतं. खालचा दोरा होडीसारख्या लांबट डबीत जातो, तिच्या बारीक लांब बॉबिना चार. सोबत सुयांची पुडी, काठ दुमडायचा पाय, चुण्या घालायचा पाय, पेचकस, तेलाची कुपी आणि लाकडी झाकण.

मग मोटर. पुस्तिकेत चित्र होतं, यंत्राच्या मागे बसवलेली लहानशी मोटर, एसी-डीसी दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी, पण वेगळी विकत घ्यायची. सासूबाई म्हणाल्या, लिही मोटर बसते. आमच्या गावात तेव्हा वीजच नव्हती. मी लिहिलं, मोटर नाही, हाताने चालते, मागे मोटर बसवायची जागा आहे. एवढं खरं लिहिल्याचं मला समाधानही वाटलं होतं.

शेवटी कापड. पुस्तिकेत छापलं होतं की मलमल, वायल, पॉपलीन, छीट, लाँगक्लॉथ चांगलं शिवतं, खाकी दोन पदरांपर्यंत. आणि त्याखाली ठळक अक्षरांत, कॅनव्हास, ताडपत्री, गोणपाट, चामडं ह्यावर घालू नये. मी मोठ्याने वाचत लिहीत होते. त्या ओळीशी सासूबाईंनी मला थांबवलं.

“जमत नाही ते कोणी लिहून देतं का? केळी विकताना आपण सांगतो का कुठल्या फणीला डाग आहे ते?”

त्या हसल्या, मीही हसले. आणि लिहिलं, ‘मलमलीपासून खाकीपर्यंत सर्व कापड’. दोन पदरही लिहायचे राहिले. पुठ्ठ्यावर जागा उरली होती. जागा नव्हती असं मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगून पाहिलं, पण दोन बोटं जागा कोरी होती.

आठ-दहा दिवसांनी समुद्राकडच्या गावातून एक बाई आली. पस्तिशीची असेल. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वादळात गेला होता आणि घरात सासरा व दोन मुली होत्या, एवढं तिने पाणी पिता पिता सांगितलं. तिचा सासरा होड्यांची शिडं हाताने शिवायचा, आता त्याला दिसत नव्हतं. त्याच्या हाताखाली ती शिकली होती. हाताने एक शीड शिवायला दिवसच्या दिवस जात. दुकानदाराने तिला पुठ्ठा वाचून दाखवला होता. खाकीपर्यंत चालतं म्हणजे जाड कापड चालतं, असा तिने हिशेब केला होता. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात, त्याआधी तीन शिडं शिवून द्यायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. ते वेळेत झालं तर वर्षभराचे तांदूळ घरात येणार होते.

मी तिला यंत्र चालवून दाखवलं. छिटाच्या तुकड्यावर टाका सरळ, मोत्यासारखा पडला. ती वाकून बघत होती. तिच्या तळहाताला घट्टे होते. मग तिने सासूबाईंना विचारलं, “आई, ह्याच्यावर शीड शिवून निघंल ना?”

“खाकी शिवतं तर शीड का नाही शिवणार?” सासूबाई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांनी पुस्तिका वाचली नव्हती.

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. यंत्र माझं, चालवणारी मी, म्हणून तिने मलाच विचारल्यासारखं पाहिलं. व्यवहाराच्या बोलण्यात सुनेने तोंड घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण खरं सांगायचं तर रीत नसती तरी मी बोलले असते का, मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती ठळक ओळ होती. मी मान खाली घातली आणि छिटातला दोरा तोडत बसले. तिने तोच होकार धरला.

पंच्याऐंशी रुपयांना यंत्र गेलं. पुस्तिकाही तिला दिली. तिला वाचता येत नव्हतं.

बैल आला, रहाट फिरू लागला. पाण्याच्या पाटाशी उभी राहिले की मला उगीच शिडांची आठवण येई.

महिना व्हायच्या आत ती परत आली. यंत्र तिने लुगड्याच्या फडक्यात बांधून डोक्यावरून आणलं होतं, तेवढ्या लांबून. ओसरीवर उतरवलं आणि ती आधी पाणी प्यायली. मग सांगितलं. दोन पदरांचा जोड होता तोवर कसंबसं चाललं होतं. काठ दुमडला, दोन पदरांचे चार झाले, तशी सुई वाकून मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. तिच्या भावाने जोर लावून दांडा फिरवला तेव्हा आतल्या चाकाचे दात गेले. मी झाकण काढून पाहिलं. सुई आपटून होडीसारख्या डबीचं टोक बोथट झालं होतं. आता साध्या कापडावरही टाका सुटणार होता.

सासूबाई म्हणाल्या की विकली वस्तू परत घ्यायची पद्धत नाही, आणि घेतलेल्या पैशांचा बैल झाला आहे. त्या कठोर नव्हत्या. पैसे नव्हतेच. ती बाई भांडली नाही. तिने एकच विचारलं, “दुकानदार म्हनतो, त्या बुकात लिवलंय शीड शिवू नका म्हनून. पुठ्ठ्यावर का नाय लिवलं?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या बाईनेही पाहिलं.

“मला माहीत होतं,” मी म्हणाले. “मी लिहिलं नाही.”

लग्नानंतर परक्या माणसासमोर, सासूबाईंच्या देखत, मी बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. पुढचंही मीच बोलले. यंत्र इथे ठेवून जा, मी दुरुस्त करून घेते, त्यावर शिवते आणि तुझे पैसे फेडते. सासूबाई आत निघून गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाल्या, “माझी दोन लुगडी फाटलीत, ती आधी घे, पण पैसे मागू नकोस.”

दुकानदारांनी मुंबईहून चाक आणि डबी मागवून दिली. त्याचे अकरा रुपये मी हातातल्या चांदीच्या पाटल्या मोडून दिले. मग मी परकर, चोळ्या, मुलांची झबली शिवू लागले. शेजारच्या ख्रिस्ती बायका नाताळच्या आधी मुलींचे झगे टाकून जात, त्यांना चुण्या फार लागत आणि चुण्यांचा पाय उपयोगी पडे. मी आता प्रत्येकीला आधी सांगे की हे यंत्र काय शिवत नाही. एकीने चेष्टेने विचारलं, “अगो, शिवतं काय ते सांगशील की नाही?”

दर महिन्याला पाच रुपये. ती बाई सुकी मासळी विकायला बाजारात येई तेव्हा दुकानातून घेऊन जाई. मी स्वतः जाऊन द्यायला धजत नसे. दुकानदाराकडूनच मला कळलं की तिन्ही शिडांचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि ती त्या वर्षी मिठागरावर जाऊ लागली. मुलींपैकी मोठीही तिच्याबरोबर जाई. ऐकलं त्या दिवशी मी झग्याची बाही उलटी जोडली आणि पुन्हा उसवली.

पंच्याऐंशी रुपयांना सतरा महिने लागतात. मध्ये दोन महिने माझं बाळंतपण गेलं, म्हणजे एकोणीस.

शेवटचे पाच रुपये द्यायला मी स्वतः बाजारात गेले. ती पाटी खाली ठेवून बसली होती. मिठाने तिच्या पायांना चिरा पडल्या होत्या. मी पाचाची नोट पुढे केली.

तिने नोट घेतली, कमरेला खोचली. विचारलं, यंत्र आता नीट चालतं का. मी म्हणाले, चालतं.

“माजा सासरा म्हनत होता,” ती म्हणाली, “लिवनारीनं एक ओळ जास्त लिवली असती तर तेवढ्या दिवसांत हातानं दोन शिडं तरी झाली असती. तो आता गेला.”

तिने पाटीतले सुक्या कोलंबीचे दोन मुठी सोडे पानात बांधून माझ्या हातात दिले आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. मग म्हणाली, “फिटलं बाय. सगळं फिटलं.”

पैसे खरंच सगळे फिटले होते.