दांड्यावरचा काळा डाग

आमच्या सरांचा असा ठाम समज होता की वस्तू जुनी करायला एक बटण पुरतं. लोखंडावर गंज यायला पावसाळे जावे लागतात, दांडा गुळगुळीत व्हायला माणसांचे हात लागतात, या गोष्टी त्यांना कालबाह्य वाटत. त्यांनी इंटरनेटवरून एक मटेरियल, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या वस्तूला आपोआप रंग-गंज चढवणारी तयार फाइल, उतरवून आणलं होतं. त्यावर ‘स्मार्ट’ असं लिहिलेलं होतं, आणि आमच्या ऑफिसात ज्याच्यावर असं लिहिलेलं असे त्याचं ऐकलं जाई.

ऑफिस म्हणजे अमरावतीला राजापेठेत, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावरचा मजला. खाली पोरं मोठ्यानं सूत्रं पाठ करायची आणि वर आम्ही परदेशातल्या गेमांसाठी पिंपं, खोकी, खुर्च्या, कंदील बनवायचो. खेळणारा हातात बंदूक घेऊन ज्यांच्या बाजूनं पळत जातो आणि ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्या वस्तू. त्यांना रंग, गंज आणि मळ चढवायचं काम माझं. टेक्श्चरला मी एकटीच होते. नातेवाइकांना हे कधीच समजलं नाही. ‘कॉम्प्युटरवर काही तरी मळकं करते’ असं माझी आईच लोकांना सांगायची, आणि खरं म्हणजे तिनं ते बरोबर सांगितलं होतं.

सर मूळचे अकोल्याचे. पुण्यात एक कोर्स करून आले आणि येताना ‘क्रिएटिव्ह डायरेक्टर’ ही पाटी घेऊन आले. ती त्यांच्या केबिनच्या दारावर असे, आणि दार कायम उघडं असल्यामुळे ती भिंतीकडे तोंड करून असे. एका सोमवारी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मटेरियलचं प्रवचन दिलं. त्याचा सारांश असा. मॉडेल तयार झालं की त्याचे दोन मॅप बेक करायचे, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आकाराचा हिशेब करून घेऊन तो चित्रात उतरवायचा. पहिला अँबियंट ऑक्लुजन: ज्या खाचाखोचांत उजेड पोचत नाही त्या काळ्या, उघडी जागा पांढरी. दुसरा कर्व्हेचर: बाहेर आलेल्या कडा पांढऱ्या, आत गेलेल्या काळ्या, सपाट भाग करडा. मटेरियल हे दोन मॅप वाचतं. पांढऱ्या कडांवरचा रंग उडवतं आणि काळ्या खोबणीत मळ भरतं. झाली वस्तू जुनी.

यात चुकीचं काही नव्हतं. मीही रोज तेच करत होते. पण सर तिथे थांबले नाहीत. एका मोठ्या परदेशी कंपनीनं आम्हाला चाचणीसाठी एक वस्तू दिली होती. ती या मटेरियलवर पास झाली, तर पुढे वेगळ्या टेक्श्चरवाल्याची गरज उरणार नाही, मॉडेल करणाराच बेक करून बटण दाबेल, असं त्यांनी सगळ्यांसमोर, माझ्याकडे न बघता सांगितलं. न बघता सांगितलेलं मला जास्त झोंबलं.

माझी ही टेक्श्चरची खुर्ची गेली असती तर मला पुन्हा पुण्याला जावं लागलं असतं. अमरावतीत असं काम देणारं दुसरं कोणी नाही. पुण्यात मी राहिले आहे. तिथे माझ्या तोंडून चुकून ‘मला’ऐवजी ‘मले’ निघालं की टीममधली शहाणी माणसं हसायची आणि ‘परत म्हण ना’ म्हणायची, जशी मी जत्रेतली बोलणारी मैना. मला परत म्हणायचं नव्हतं. मला माझ्या घरातून निघून माझ्या गाडीवर माझ्या ऑफिसला यायचं होतं, बस.

चाचणीची वस्तू होती हातपंप. कोरड्या प्रदेशातल्या भारतीय खेड्यातला, वापरून वापरून जुना झालेला. दांडा हलणारा हवा, अशी अट होती. मॉडेल केलं आमच्या अकोल्याच्या सहकाऱ्यानं. तो आठवडाभर अमरावतीत भाड्याच्या खोलीवर राही आणि शनिवारी घरी पळे. आकाराच्या बाबतीत तो चोख होता, पण भागांना नावं द्यायचा त्याला भयंकर कंटाळा. त्याच्या फाइलीत पंपाचं डोकं, दांडा, तोटी सगळ्यांची नावं एकसारखी, पुढे नुसते आकडे. मी सरांना सांगितलं की दांडा वेगळा ठेवून बेक करा. आहे त्या जागी सगळं एकत्र बेक केलं तर डोक्याची सावली दांड्यावर छापली जाईल, आणि दांडा हलला तरी ती सावली त्यालाच चिकटून राहील. सर म्हणाले, ‘मॅडम, टेन्शन नका घेऊ. मटेरियल स्मार्ट हाय.’

मग बटण दाबलं गेलं. पडद्यावर जे उभं राहिलं ते पाहून सरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. पंपाची प्रत्येक कड सारखीच झिजलेली होती, डोक्यावरची, पायथ्याची, बोल्टांचीसुद्धा. दांडा चौकोनी सळईचा असतो. त्याच्या चारही कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या चमकत होत्या, जणू गावातल्या बायकांनी ओळीनं त्याला कानस लावली होती. आणि ज्या टोकाला खरोखर हात लागतात तिथला सपाट भाग नव्या कोऱ्या रंगात. कारण सपाट भाग कर्व्हेचरमध्ये करडा, आणि करड्याशी मटेरियलला काही देणंघेणं नाही. तोटीच्या तोंडात, जिथून पाणी पडतं नेमकं तिथे, काळाकुट्ट मळ. असा पंप मी आयुष्यात पाहिला नाही. सरांनीही पाहिला नसणार, पण त्यांनी तो पाठवला.

कंपनीची तपासणारी बाई व्हिडिओ कॉलवर आली. आवाज अतिशय मऊ, आणि मऊ आवाजाच्या माणसांना मी घाबरते. तिनं दांडा वर केला. डोक्याच्या खाचेला जिथे तो टेकत होता तिथला काळा डाग दांड्याबरोबर वर आला आणि भर उजेडात दिसू लागला. खाचेच्या ओठावरही दांडा टेकल्याची काळी खूण तशीच राहिली. हे ग्रीस आहे का, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, हो, ग्रीस. तिनं दांडा खाली केला, वर केला, आणि मग विचारलं की हा पंप आजवर कोणी वापरला आहे का. त्यावर सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले की टेक्श्चरचं आमच्या मॅडम सांगतील. ज्या खुर्चीची गरज नव्हती तिची अशी अचानक आठवण झाली.

मला त्या क्षणी सरांचा इतका राग आला की खरं काय ते सांगून मोकळं व्हावं असं वाटलं. पण चाचणी बुडाली असती तर ऑफिसच बुडालं असतं, आणि त्यात माझी खुर्चीही. मी सांगितलं की हा पहिला हात आहे, उद्या पुरा करून पाठवते. बाई बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहकाऱ्याला शेजारी बसवून प्रत्येक भागाला नाव द्यायला लावलं. मग ऑक्लुजन असा बेक केला की प्रत्येक भागानं फक्त स्वतःचीच सावली स्वतःवर घ्यावी, शेजाऱ्याची नाही. दांड्यावरचा डाग गेला. कडांची झीज मी फेकली नाही, पण मंद केली, आणि मध्ये ओबडधोबड पोत घालून सलगपणा तोडला. एवढं मॅपचं काम. मॅप बिचारे खोटं बोलत नाहीत. वस्तूचा आकार कसा आहे ते ते बरोबर सांगतात, तिला कोण कुठे धरतं ते त्यांना कुठून कळणार?

ते मला माहीत होतं. माझ्या मामांचं गाव दर्यापूरजवळ, खारपाण पट्ट्यात. तिथल्या पंपाचं पाणी खारं, डाळ शिजत नाही त्यानं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं दांड्याला लोंबकळायचो आणि मामी ओरडायची. त्या दांड्याचं शेवटचं टोक तेवढं पांढरंशुभ्र घासलेलं होतं, वरून, खालून, कडा काय आणि सपाट काय. त्याच्या अलीकडे लहान पोरांचे हात पडायचे, तिथे झीज कमी. तोटीच्या ओठावर आणि खालच्या बाजूला क्षारांचं पांढरं कडं. मी मास्कवर, म्हणजे झीज आणि क्षार कुठे दिसावेत ते ठरवणाऱ्या थरावर, हे सगळं हातानं रंगवलं. तोटीखालच्या खोबणीत मात्र ऑक्लुजन वापरला, पण मळासाठी नाही, क्षार साचवण्यासाठी. सुट्टीतल्या त्या दुपारी इतक्या स्वच्छ आठवत होत्या की मला मध्येच रडू आलं, आणि ऑफिसात रडायला मला आवडत नाही.

सहकारी हे सगळं बघत होता. ‘तू काहून एवढं घासून राहिली?’ तो म्हणाला. ‘पास झालं त सर मनतीन, मटेरियलनं केलं. मंग तुलेच काढतीन.’

‘आन नाई झालं त?’ मी म्हटलं.

पास झालं. मऊ आवाजाच्या बाईनं दांडा वर-खाली केला, टोकाजवळ कॅमेरा नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. तोटीवरचं पांढरं काय आहे तेही विचारलं. सरांनी छाती पुढे काढून सांगितलं की हे सगळं आमच्या स्मार्ट मटेरियलचं काम. सहकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

सोमवारी सरांनी पुन्हा सगळ्यांना गोळा केलं. माझ्या फाइलीतलं मटेरियल त्यांनी ‘वऱ्हाड’ या नावानं जतन करून ठेवलं होतं. आता मला नोकरी सोडायला महिनाभराची मुदत देणार, इतकं त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. पण आधी चमत्कार दाखवायचा होता. त्यांनी पुढची वस्तू उघडली, पत्र्याची बादली, आणि तिच्यावर ‘वऱ्हाड’ टाकलं.

बादलीचा काठ सगळीकडून सारखा झिजला. बुडाच्या सांध्यात क्षार बसले, खोबण दिसली तिथे. पण कडीवर, जिथे बोटं वळतात, तिथे काही नाही. हातानं रंगवलेलं मटेरियलबरोबर जात नाही, ते त्या एका पंपावरच राहतं. नव्या वस्तूवर फक्त मॅप वाचणारा भाग येतो. सरांनी मटेरियल काढून परत टाकलं. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. परत टाकलं. खालून कोचिंगच्या पोरांचा घोष ऐकू येत होता.

‘मॅडम,’ ते शेवटी म्हणाले, ‘हाताचे निशाण काहून नाई आले याच्यात?’

‘ते मॅपमधून आलेच नव्हते सर. ते मी काढले होते.’

त्यांनी बादली एकदा गोल फिरवून पाहिली. कंपनीनं पाठवलेल्या यादीत अशा वस्तू अजून बऱ्याच होत्या, आणि तिला सगळ्या पंपासारख्या हव्या होत्या. मग या वेळी माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘मंग या बादलीले किती टाइम लागन तुमाले?’

मी म्हटलं की आधी ही बादली कोण उचलतं ते ठरवा. सर केबिनमध्ये गेले. मी माझी खुर्ची पुढे ओढली आणि कडीपासून सुरुवात केली.