पहिलं अक्षर

इस्पितळासमोरच्या गल्लीत काकूंच्या भाड्याच्या खोल्या होत्या. रुग्णांचे नातेवाईक तिथे उतरायचे. काकूंचा स्वभाव फणसासारखा, वरून काटे नि आत गरे. "चपला बाहेर, रडणं आत," असं त्या नव्या माणसाला सांगायच्या आणि मग स्वतःच चहा घेऊन आत जायच्या.

वायफायचा पासवर्ड त्या कुणाला सांगत नसत. "आणा इकडे फोन," म्हणून स्वतः टाकून देत. सगळी इंग्रजी अक्षरं लहान, शेवटी दोन आकडे. हाताला इतकी सवय झालेली की बघावंसुद्धा लागत नसे.

त्या दिवशी मात्र त्या खोल्यांवर नव्हत्या. मुलीला दूरच्या गावी नोकरी लागली होती, तिला गाडीत बसवायला गेल्या होत्या. पोरगी पहिल्यांदाच एकटी निघालेली. "पाणी घेतलंस? पोचलीस की फोन कर. शेजारी कोण बसलंय बघ." "आई, अजून गाडी हललीही नाही!" तेवढ्यात मागच्या खोलीतल्या मास्तरांचा फोन आला.

मास्तर निवृत्त शिक्षक. बायको संसर्गाच्या वॉर्डात, आत कुणाला सोडत नसत. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे बोलणंही नाही. संध्याकाळी तिथली सिस्टर व्हिडिओ कॉल लावून फोन पेशंटसमोर धरायची. बघणं, एवढंच उरलं होतं. मास्तरांच्या फोनमध्ये रिचार्ज फक्त बोलण्यापुरता. इतके दिवस मुलाचा फोन हाताशी होता, पण तो कालच कामावर परत गेला होता.

"ताई, नेटचा तो पासवर्ड हवा होता. सिस्टरचा कॉल यायची वेळ झालीय."

"पाठवते हं, लगेच." एका हातात मुलीची पिशवी, दुसऱ्या हाताने काकूंनी मेसेज टाकला.

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "घेत नाहीये हो. चूक आहे म्हणतंय."

"वाचून दाखवा बरं."

मास्तरांनी एकेक अक्षर खणखणीत वाचलं. काकू प्रत्येकाला "हं" म्हणत गेल्या. "अगदी बरोबर. सावकाश टाका."

"तसंच टाकतोय. जसंच्या तसं."

गाडी सुरू झाली होती. खिडकीतला मुलीचा हात पुढे सरकत होता. "मास्तर, बोट चुकत असेल हो तुमचं!" काकू जरा चिडूनच म्हणाल्या आणि गाडीमागे चार पावलं धावल्या.

परतल्या तेव्हा मास्तरांच्या खोलीतला दिवा मालवलेला होता. उद्या आपल्या हाताने लावून देऊ, असं काकूंनी ठरवलं.

उजाडता उजाडता इस्पितळातून निरोप आला. मास्तरांची बायको पहाटे गेली.

काकू चहा घेऊन आत गेल्या. मास्तर कॉटवर बसले होते, चष्मा हातात.

"काल सिस्टरने साधा फोन केला होता. म्हणाली, व्हिडिओ लागत नाहीये, वाट बघतायत. मी म्हटलं, त्यांना सांगा, उद्या नक्की." ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. "जन्मभर पोरांना म्हणायचो, बघून लिहा रे. आणि आता माझीच बोटं जाड झाली."

"द्या फोन, नेट लावून देते. मुलाला कळवायला हवं ना," काकू म्हणाल्या.

त्यांनी सवयीने पासवर्ड टाकला. पहिल्याच झटक्यात लागला. स्वतःचा फोन काढून त्यांनी कालचा मेसेज बघितला. पहिलं अक्षर मोठं. त्यांनी लहानच टाकलं होतं, पण मेसेजची सुरुवात म्हणून फोनने आपली अक्कल चालवली होती. मास्तरांनी समोर दिसलं ते इमानदारीने उतरवलं होतं. आणि तोंडाने वाचताना लहान काय नि मोठं काय, कानाला सगळं सारखंच.

न सांगता निभलं असतं. मास्तरांनी दोष स्वतःवर घेतलाच होता.

"मास्तर," काकू म्हणाल्या, "तुमचं बोट चुकलं नव्हतं. पहिलं अक्षर लहान हवं होतं. माझ्याकडून मोठं गेलं. मी पाठवताना बघितलंच नाही."

मास्तर म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो."

एवढ्यात काकूंच्या हातातला मास्तरांचा फोन टुणटुण वाजला. नेट लागल्यामुळे कालचं अडकलेलं सगळं एकदम येत होतं. हुकलेले कॉल. आणि सिस्टरने पाठवलेला एक छोटा व्हिडिओ.

मास्तरांनी फोन घेतला, चष्मा चढवला. पडद्यावर मास्क लावलेला एक वाळलेला चेहरा. सिस्टरने रोजच्यासारखा फोन समोर धरलेला, त्यामुळे बाईंना वाटत होतं, समोर नवरा आहे. त्यांनी हाताने केस सारखे केले, मग बोटांचा घास करून तोंडाकडे नेला आणि मान वर केली. जेवलात का?

"जेवलो गं," मास्तर पडद्याला म्हणाले.

काकूंनी दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसल्या. मुलगी पोचल्याचा मेसेज आला होता. त्यांनी उत्तर लिहिलं नाही. सरळ व्हिडिओ कॉल लावला.

"काय गं आई, इतक्या सकाळी?"

"काही नाही. चेहरा दाखव जरा."