रिकामी न सोडलेली एक ओळ

तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, गेले, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या वेळची ही गोष्ट. त्यांचा आवाज कुठेच रेकॉर्ड केलेला नव्हता. बदलापूर गावातल्या भाताच्या गिरणीसमोर उभे असतानाचा एक फोटो तेवढा होता. त्या फोटोचा हलता व्हिडिओ करून घ्यायचं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या जाऊबाईंच्या मनात आलं.

उल्हासनगरच्या एका स्टुडिओत आम्ही दोघी गेलो. स्टुडिओवाला सिंधी, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने संगणकावर फोटो चढवला आणि मला म्हणाला, "आंटी, तुमचं इंग्लिश पक्कं आहे, तुम्हीच लिहा. चित्रात काय हलतं ते, मागचा आवाज, कोण काय बोलतो, म्युझिकचा मूड. सगळं साफ लिहायचं, नाहीतर हे मशीन आपल्या मनाने काहीपण टाकतं. मागे एका मयताच्या व्हिडिओत टाळ्या वाजल्या!"

जाऊबाई म्हणाल्या, "मला फक्त गिरणीची धडधड पाहिजे. गाणं नको, रडकं तर नकोच."

मी लिहिलं: पट्ट्यावर चालणाऱ्या गिरणीची संथ धडधड, लांबून कावळे, संगीत नाही. बोलण्याची ओळ उरली.

"तिथे लिहा, कोणी बोलत नाही," स्टुडिओवाला म्हणाला.

मला कोरा रकाना कधी सोडवला नाही. मी लिहिलं: वयस्क माणूस मृदू आवाजात मराठीत म्हणतो. पुढे अवतरणचिन्हांत जाऊबाईंचं नाव आणि "घरी चल". त्यांना सांगितलं नाही. वाटलं, खूश होतील.

आठ सेकंदांचा व्हिडिओ आला. गिरणी हुबेहूब धडधडली. दिरांचे ओठ हलले आणि एका तरण्या, शहरी, बातम्या देणाऱ्या माणसासारख्या आवाजाने जाऊबाईंना नावाने हाक मारली.

त्या खुर्चीत मागे सरकल्या. "हे कोण?"

"आवाज मशीनचा आहे, माँजी. दर वेळी वेगळा येतो," स्टुडिओवाला म्हणाला. त्याने ती ओळ काढून दुसरा व्हिडिओ केला. त्यात नुसती गिरणी होती. जाऊबाईंनी तो पाहिलाच नाही.

रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, यांनी मला कधी नावाने हाक मारली होती? चाळीस वर्षांत?"

माझे यजमान मला नावाने हाक मारत. दुसऱ्या घरात तसं नसेल, हे मला सुचलंच नाही.

आठवड्याने मी डबा घेऊन गेले. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, गॅस बंद होता.

"ते दारातून नुसतं 'ऐकलं का' म्हणायचे," त्या म्हणाल्या. "गेल्यावरही रोज सकाळी मी ते मनात ऐकायचे आणि मग चहा टाकायचे. आता ऐकायला गेले की तो मेला बातम्यावालाच बोलतो."

मी म्हटलं, "जाईल हळूहळू."

"तुम्हाला आठवतो का त्यांचा आवाज? म्हणून दाखवा."

मी दोनदा प्रयत्न केला. त्या 'नाही' म्हणून मान हलवत राहिल्या.