प्रेमसिंग गुरुजींनी लिहिलेली मातृभाषा

दिग्रसजवळच्या तांड्यावर प्रेमसिंग गुरुजींना लिहिता येणारा पहिला माणूस म्हणून ओळखतात. आश्रमशाळेत मुख्याध्यापक असताना बंजारा पोरांना ते स्वतः दाखल करून घ्यायचे. बायांना पोरांची जन्मतारीख सांगता येत नसे. गुरुजी एक जूनला जन्म देऊन टाकत. मातृभाषेच्या रकान्यासाठी मात्र ते कोणाला विचारतच नसत. ‘मराठी’ लिहून मोकळे. घरोघर गोरबोली, बंजाऱ्यांची बोली, चालायची. पण तपासणीला आलेले साहेब एकदा पोरांची बोली ऐकून हसले होते, आणि गुरुजींनी ठरवलं की आपल्या पोरांवर पुन्हा कोणी हसू नये. एवढ्या स्वस्तात सुटलेला सामाजिक प्रश्न जिल्ह्यात दुसरा नसेल.

त्यांची नात जया, मुलीची मुलगी, त्यांच्याकडेच वाढली आणि त्यांच्याच आश्रमशाळेत शिकली. तिला फार्मसीला जायचं होतं. सीईटीत मार्क बरे पडले. यवतमाळातल्या एका कॉलेजच्या माहितीपत्रकात गुरुजींनी वाचलं : अल्पसंख्याक संस्था, एकावन्न टक्के जागा अल्पसंख्याकांसाठी.

“जया, आपण किती लोक? मूठभर,” गुरुजी म्हणाले. “आपल्याले निम्म्याहून जास्त जागा ठेवल्या. अन् मुलींचं वसतिगृह आवारातच.”

“नाना, पण बाकीची कॉलेजंबी भरू ना.”

“कायले? विमुक्त जातीचा दाखला हाये, नॉन-क्रिमिलेअर हाये. माह्यावर भरोसा नाही का तुहा?”

भरोसा होता. पसंतीच्या अर्जात एकच कॉलेज भरलं. पहिल्या फेरीत जयाला काहीच मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कॉलेजात गेले. प्रवेशाच्या खिडकीत संगीता बाभुळकर नावाच्या बाई होत्या. त्यांनी जातीचा दाखला पाहून अदबीनं परत केला.

“गुरुजी, इथं याचा उपयोग नाही. दुसऱ्या खासगी कॉलेजात निम्म्या जागा जातींसाठी राखीव असतात, त्यात विमुक्त जातींच्या तीन टक्के. अल्पसंख्याक संस्थेले ते आरक्षण लागू नाही. इथं एकावन्न टक्के आमच्या समाजाच्या पोरांना. बाकीच्यात थोड्या संस्थेच्या, त्या संस्था स्वतः भरते, अन् उरलेल्या सगळ्यांसाठी गुणवत्तेवर. जया त्या उरलेल्यात लढली.”

“अल्पसंख्याक म्हणजे थोडे लोक ना बाई?”

“थोडे असून भागत नाही. संस्था ज्या समाजाची, त्याच समाजाचे पाहिजे. ही हिंदी भाषिकांची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषा हिंदी पाहिजे, नाहीतर ठरलेल्या नमुन्यात घोषणापत्र. अन् हा दावा नोंदणी करतानाच करायचा असते, छाननीच्या आधी. आता यादी पक्की झाली.”

“जनगणनेत आमची बोली हिंदीखालीच मोजतात,” गुरुजी म्हणाले. हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि ते खरंही होतं.

“शाळा सोडल्याचा दाखला द्या,” बाई म्हणाल्या. दाखला पाहून थांबल्या. “इथं तर मराठी आहे. दाव्याच्या उलट कागद असला तर छाननीत कोण पास करीन? मुख्याध्यापकांनीच लिहून दिलंय ना.” मग त्यांनी खालची सही वाचली, गुरुजींकडे पाहिलं आणि दाखला घडी करून परत दिला.

शेजारी दिग्रसच्या एका आडत्याचा पोरगा, इंद्रजित, कागद जमा करत होता. त्याच्या घरी तीन पिढ्यांत कोणी धड हिंदी बोललं नव्हतं. तो जयाला म्हणाला, “मले तर तुह्याहून लय कमी मार्क हायेत. आमच्या दाखल्यावर आजोबाच्या टायमापासून हिंदीच हाये ना.” त्याचा टोमणा नव्हता. कीव होती, म्हणून जास्त लागलं.

बाहेर जिन्यात जया म्हणाली, “नाना, काहून लिहिलं मराठी?”

“कोणी हसू नये म्हून.”

“अन् गोरबोली लिहिली असती तर?”

गुरुजींनी विचार केला. “तरीबी इथं चाललं नसतं.”

“मग हसणाऱ्यापुढं तुम्ही एवढं कायले झुकले?”

गुरुजींनी दाखला पिशवीत घातला आणि ते जिना उतरू लागले.

दुसऱ्या फेरीत त्यांनी बाकीची कॉलेजं भरली. साठ जागांच्या कॉलेजात विमुक्त जातींच्या वाट्याला एखाद-दुसरी जागा. त्या पहिल्याच फेरीत गेल्या होत्या. यवतमाळातली एक दारव्ह्याकडच्या तांड्यावरच्या मुलीला गेली. तिचे मार्क जयापेक्षा कमी होते, तिच्या घरात फक्त गुरुजी नव्हता. शेवटच्या फेरीपर्यंत जया थांबली. काही आलं नाही. ‘संस्थेच्या जागेवर घेता का’ असा निरोप कॉलेजातून आला. पण त्या जागेवर शिष्यवृत्ती नाही, हे आता गुरुजींनी आधी विचारून घेतलं.

जया दिग्रसला बी.एस्सी.ला जाते. तांड्यावर कोणी पोराच्या प्रवेशाचं विचारायला आलं, की गुरुजी आत निघून जातात, आणि जया बाहेर येऊन सांगते, “माहितीपत्रक मले दाखवा. नानाले नका विचारू.”

गुरुजी आतून सगळं ऐकतात.