वडाचं क्षेत्रफळ, दोन मिनिटांत

विज्ञान प्रदर्शनात भाषण कशाला हवं, हे मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. मुलांनी प्रयोग मांडावा, बघणाऱ्यांनी टेबलापाशी येऊन विचारावं, एवढं पुरे. पण आमच्या तालुक्यात माईक दिसला की भाषण आलंच. जिंतूरच्या त्या प्रदर्शनाच्या पत्रकातही लिहिलं होतं, प्रत्येक प्रकल्पाच्या एका विद्यार्थ्याने मंचावरून तीन मिनिटांत माहिती सांगावी, आणि त्या माहितीला गुण आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. शाळा चारठाण्याच्या बाजूला एका खेड्यात आहे. शाळेच्या मैदानाला लागून मोठा वड आहे. त्याच्या पारंब्या खाली उतरून त्यांचीच खोडं झालीत. वडाच्या एका अंगाला काटेरी कुंपण, दुसऱ्या अंगाला ओढा आणि खाली कुणाकुणाची कडब्याची गंज. आठवीच्या वर्गात क्षेत्रफळ शिकवताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्या वडाखालची जागा किती आसंल?" टेप घेऊन फिरणं शक्यच नव्हतं, म्हणून फोटोवरून काढायचं ठरलं.

गावात एक लग्न होतं. फोटोवाल्याकडे ड्रोन होता. मुलांनी त्याला एवढं भंडावलं की त्यानं वैतागून ड्रोन वडावर नेला, ऐंशी मीटरवर थांबवला, कॅमेरा सरळ खाली वळवला आणि एक फोटो काढला. दुसरा मागितला तर म्हणाला, "बॅटरी नवरदेवासाठी हाय."

त्या एका फोटोवर आमचं सगळं काम उभं राहिलं. फोटोत वडाशेजारी आमचं व्हॉलीबॉलचं मैदान आलं होतं, चुन्याच्या रेघांसकट. टेपनं मोजलं तर मैदान अठरा मीटर लांब भरलं. मोठ्या कागदावर छापलेल्या फोटोत तेच सहा सेंटीमीटर होतं. म्हणजे फोटोतला एक सेंटीमीटर जमिनीवरचे तीन मीटर. मग फोटोवर पारदर्शक कागद ठेवून एकेक सेंटीमीटरचे चौकोन आखले. पूर्ण चौकोन मोजायचा, अर्धा किंवा जास्त भरला असेल तर एक धरायचा, कमी असेल तर सोडून द्यायचा. दीडशे चौकोन भरले. वर्गातल्या निम्म्या मुलांनी दीडशेला तीननं गुणलं आणि मोकळे झाले. चौकोनाची लांबीही तीन मीटर आणि रुंदीही तीनच, म्हणून एक चौकोन नऊ चौरस मीटरचा, हे त्यांच्या डोक्यात उतरवताना माझा घसा बसला. तेराशे पन्नास चौरस मीटर, असा आकडा आला. मुख्याध्यापक सर खूश झाले.

दोन दिवसांनी तीच मुलगी माझ्याकडे आली. चेहरा पडलेला.

"मॅडम, आपला आकडा जास्त आलाय वाटायलंय."

"का गं?"

"मैदान खाली हाय. वडाचा पसारा वर हाय. ड्रोनला वड जवळ पडला. जवळचं मोठं दिसतंय न्हवं? मग मैदानाचं माप वडाला कसं लागंल?"

आम्ही लगेच करून पाहिलं. एकाच मापाचे दोन पुठ्ठे घेतले, एक जमिनीवर आणि एक टेबलावर ठेवला आणि शाळेच्या गच्चीवरून माझ्या मोबाईलनं फोटो काढला. टेबलावरचा पुठ्ठा खरंच मोठा आला. मग मुलांनी बांबू उभा करून वडाचा पसारा किती उंचीवर सर्वांत रुंद आहे ते पाहिलं. साधारण आठ मीटर. ड्रोन जमिनीपासून ऐंशी मीटर, म्हणजे पसाऱ्यापासून बहात्तर. वडाची खरी लांबी-रुंदी आम्ही काढलेल्यापेक्षा दहातला एक भाग कमी. दोन्ही बाजूंनी कमी, म्हणून क्षेत्रफळ शंभराला एक्याऐंशी. तेराशे पन्नासचे झाले सुमारे अकराशे.

तो आकडा फळ्यावर लिहून ती मुलगी हसली. अडीचशे चौरस मीटर वड कमी झाला म्हणून इतकं आनंदलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मला त्या दिवशी शिक्षक झाल्याचं सार्थक वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

भाषण तिनंच लिहिलं. पहिल्याच ओळीत होतं, "आम्ही आधी चुकलो, ते कसं कळलं ते सांगते." मुख्याध्यापक सरांनी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, लग्नाच्या बैठकीत पोरीचा दोष पहिल्यांदा सांगतेत का? आधी काम दिसू द्या. चूक शेवटी सांगा, सांगायचीच आसंल तर."

"सर, चूक सापडली हाच प्रकल्प आहे."

"आसंल. पण नमस्कार कुठंय हिच्यात? आन मंचावरच्या पाहुण्यांची नावं?"

सर वाईट माणूस नाहीत. शाळेची पाण्याची टाकी गळायला लागली तर स्वतः वर चढणारे आहेत. पण मंचावरच्या एकाचं नाव राहिलं तर शाळेवर कायमचा डाग बसतो, असं त्यांचं पक्कं मत. मागे कुठल्याशा कार्यक्रमात एका सदस्याचं नाव राहिलं होतं आणि ते गृहस्थ जेवण न करता उठून गेले होते. सरांनी ते मनात धरून ठेवलंय. त्यांनी स्वतःच्या हातानं कागदाच्या माथ्यावर लिहिलं, 'सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख अतिथी, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो', आणि प्रत्येक पदापुढे नावासाठी जागा सोडली. चूक शेवटी गेली. तीन मिनिटांत सगळं बसतंय, हे मी घड्याळ लावून पाहिलं, म्हणून गप्प राहिले.

प्रदर्शनाच्या दिवशी उद्घाटक उशिरा आले. सकाळपासून मुलं आपापल्या टेबलापाशी ताटकळत उभी. उद्घाटक आले, दीप लागला, हारतुरे झाले, त्यांचं मार्गदर्शन झालं. मार्गदर्शन करणाऱ्याला कुणी घंटी वाजवत नाही. मग सूत्रसंचालकांनी जाहीर केलं की वेळेअभावी प्रत्येकाला दोनच मिनिटं मिळतील. मी सरांकडे धावले.

"सर, तिला सांगू द्या, नावं गाळ म्हणून. नुसता नमस्कार करून सुरू होऊ दे."

"मॅडम, आधीच्या सगळ्या पोरांनी नावं घेतलीत. आपलीच शाळा बिनवळणाची दिसंल." आणि त्यांनी तिच्या हातात ताजी यादी ठेवली. ऐनवेळी मंचावर आणखी दोघं येऊन बसले होते.

ती उभी राहिली. आवाज खणखणीत. तिनं सगळ्यांची नावं घेतली, पदांसकट. एका नावावर अडखळली, तेव्हा ते गृहस्थ स्वतःच मोठ्यानं आपलं नाव सांगून हसले. सगळे हसले. मी हसले नाही, मी घड्याळ बघत होते. नावं संपेपर्यंत पाऊण मिनिट गेलं होतं.

"आमच्या गावच्या वडाच्या पसाऱ्याचं क्षेत्रफळ आमी एकाच फोटोवरून काढलं," ती म्हणाली आणि मग घाई न करता मैदानाची लांबी, फोटोतले सहा सेंटीमीटर, चौकोन, अर्ध्याला एक, नऊ चौरस मीटर, सगळं सांगितलं. समोरची पोरं खरंच ऐकत होती. मधल्या रांगेतला एक जण बोटानं हवेत चौकोन काढत होता. "उत्तर आलं तेराशे पन्नास चौरस मीटर," ती म्हणाली, आणि मंचावर टाळी पडली. टाळी थांबेपर्यंत तीही थांबली. तशीच शिकवण दिली होती आम्ही.

"पण ह्या आकड्यात चूक हाय, कारण..."

घंटी वाजली.

ती बोलत राहिली, पण सूत्रसंचालकांनी माईक ओढून घेतला. "धन्यवाद, धन्यवाद. बसा." नुसत्या ओठांच्या हालचालीवरून मला कळत होतं ती काय म्हणत होती ते. ड्रोन. जवळ. आठ मीटर. तिसऱ्या रांगेपर्यंतही काही पोचलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी हातानं खाली ये म्हटलं, दुसरं काय म्हणणार?

परीक्षक दुपारी टेबलांपाशी आले खरे, पण जेवणाचं बोलावणं आलं होतं आणि त्यांनी आमच्या फोटोवर नुसती नजर टाकली. मी आडवी गेले.

"सर, तिचं अर्धं वाक्य राहिलंय. ती चूक तिनंच शोधून दुरुस्त केलीय. एकदा ऐकून घ्या."

"मॅडम, वेळ सगळ्यांना सारखा," ते शांतपणे म्हणाले. "आणि आकड्यात चूक आहे हे मुलगी माईकवरून स्वतः सांगते. मग मी गुण कशाला देऊ? दुरुस्त करूनच आणायचं होतं."

"दुरुस्तच आहे. अकराशे. हे बघा, इथं लिहिलंय."

"भाषणात तर तेराशे पन्नास होतं," ते म्हणाले आणि पुढे गेले. मला इतका संताप आला की टेबलावरचा पारदर्शक कागद माझ्या हातात चुरगळला. राग त्यांच्यावर धरावा तर त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी खरं. मुख्याध्यापक सरांवर धरावा तर ते बिचारे मुलांना केळी वाटत हिंडत होते. कुणावर ओरडावं हेच कळेना, ही सगळ्यात वाईट गोष्ट.

खाण्याच्या सोड्याच्या ज्वालामुखीचा पहिला नंबर आला. फेस छान उतू गेला होता.

परतताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली. फोटोची गुंडाळी मांडीवर. बस निघाली. मी म्हटलं, "तू छान बोललीस. पुढच्या वर्षी..."

"मॅडम," ती म्हणाली, "एक विचारू का?"

"विचार की."

"ती चूक मला दिसलीच नसती तर आपला नंबर आला आसता न्हवं?"

तिच्या आवाजात रडू नव्हतं. वर्गात एखादं गणित सुटलं की पडताळून घ्यायला ती जशी माझ्याकडे बघते, तशीच बघत होती. मी काहीबाही शोधत राहिले, नंबराला काय किंमत असते वगैरे, पण ते माझ्याच्यानं बोलवेना. रोज वर्गात मीच सांगते, बरोबर उत्तराला चूक म्हणायचं नाही.

"हो," मी म्हटलं. "आला असता."