पाणी कसंय?

आमच्या शाळेत कुणाला काही विसरायचं असेल तर त्याने विज्ञानाच्या अशफाक सरांपासून लांब राहावं. तीन वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये मी त्यांना म्हणाले होते, "तुमच्या प्रयोगाला एखादं चांगलं नाव शोधून देते." मी मराठी शिकवते, तेव्हा असलं आश्वासन द्यायला मला काय लागतं? पण सर भेटले की विचारायचे, "मॅडम, नाव?" जणू मी बारसं अडवून बसले होते.

प्रयोग म्हणजे आमच्या गावच्या तळ्याचा. पुसेगावच्या अलीकडे, सडकेला लागून हे तळं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की विज्ञान मंडळाची पोरं सरांबरोबर तिकडे जायची. तळ्यात नळयोजनेची विहीर आहे, तिथवर कठड्याचा छोटा पूल आहे. त्या पुलावरूनच, दर वेळी एकाच जागेवरून पाणी घ्यायचं. पीएचची कागदी पट्टी बुडवून तिचा रंग तक्त्याशी ताडायचा. एक बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही, मग त्यात रसायनाचे थेंब टाकून पाण्यात प्राणवायू किती विरघळलाय ते बघायचं. आणि पोरांचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे थाळी सोडणं. स्टीलच्या थाळीचे चार भाग करून एकाआड एक काळे-पांढरे रंगवलेले, खाली दगडाचं वजन, मधून दोरी. थाळी पाण्यात सोडत जायची, दिसेनाशी झाली की दोरीवर चिमटा. मग वर ओढायची, पुन्हा दिसली की दुसरा चिमटा. दोन्हींचा मध्य काढायचा. थाळी जितकी खोल दिसेल तितकं पाणी नितळ.

ती थाळी नजमाभाभींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, लग्नातली होती. सरांनी ती न विचारता स्वयंपाकघरातून उचलली आणि मधोमध भोक पाडलं. भाभी आठ दिवस बोलल्या नाहीत असं सर सांगतात, पण त्यात काही तथ्य नाही. भाभींना आठ मिनिटंसुद्धा गप्प बसणं जमत नसे.

भाभी सिद्धेश्वरकडच्या. धरणाच्या कालव्यावर शेती करणारं घर. तिकडे माणूस माणसाला भेटला की ख्यालीखुशालीच्या आधी विचारतो, "पाणी कसंय?" भाभींना ती सवय माहेरची. सर तळ्यावरून आले की आतून आवाज यायचा, "पानी कैसाय जी?" सर चपला काढता काढता उत्तर द्यायचे. मग चहा. भाभी आजारी पडल्या, त्यांनी खाट धरली, तरी प्रश्न सुटला नाही. थाळी-दोरी सरांच्या घरीच ठेवलेली असायची. पोरं ती परत ठेवायला गेली की भाभी खाटेवरूनच मराठीत विचारायच्या, "काय रे लेकरांनो, पाणी कसंय आज?" पोरं सांगायची. कधी चांगलं, कधी वाईट. वाईट सांगितलं की भाभी म्हणायच्या, "गढूळ तर गढूळ. खरं सांगितलं ना, बस झालं." आणि खडीसाखर द्यायच्या.

दोन वर्षं झाली भाभींना जाऊन. सर दुसऱ्याच शनिवारी तळ्यावर हजर. आम्ही म्हटलं, माणूस मोठा घट्ट काळजाचा. तसं काही नव्हतं. घरी बसवत नव्हतं त्यांना.

या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात प्रयोग मांडायचं ठरलं आणि नावाचा विषय पुन्हा निघाला. माझ्या आधी मुख्याध्यापकांनी बाजी मारली. हरिचंद सर माणूस प्रेमळ, पण त्यांना साधी सहलसुद्धा अभियान म्हटल्याशिवाय गोड लागत नाही. त्यांनी सरळ पेंटर बोलावला आणि तळ्याच्या वाटेवर पाटी लावून टाकली : निर्मळ तलाव अभियान. नारळ फोडला, फोटो काढला.

दुसऱ्या दिवसापासून तकलीफ सुरू झाली. धुणं धुणाऱ्या मंजुळाबाईंनी शेवाळाचं टोपलं आणून पोरांसमोर ओतलं. "निर्मळ करून राहिले ना तुमी? घ्या मंग हे. आमी किती दिस काढावं?" अशफाक सर समजावत होते की आम्ही तळं साफ करत नाही, फक्त मोजतो. मंजुळाबाई म्हणाल्या, "मोजून काय व्हतंय? आन् पाटी काहून लावली मंग?"

पण खरा घोळ पोळ्यानंतर झाला. पोळ्याच्या सकाळी गावातले सगळे बैल तळ्यात धुतले गेले, पाणी चहासारखं झालं. त्या शनिवारी सर हिंगोलीला मीटिंगला गेले होते, मोजणी नववीच्या कोमलने केली. सोमवारी शाळेच्या फळ्यावर आकडा होता : थाळी एक मीटर वीस सेंटिमीटरपर्यंत दिसली. सर फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. दुपारच्या सुट्टीत एकटेच थाळी घेऊन तळ्यावर गेले. थाळी वीतभर पाण्याखाली गेली आणि दिसेनाशी झाली.

सर चिडले की आवाज खाली नेतात, तो ऐकू येईनासा झाला की समजावं प्रकरण गंभीर आहे. वर्गात त्यांनी विचारलं, "हा आकडा कोणाचा?"

कोमल उभी राहिली. संतराम गवंड्याची मुलगी, हुशार, आणि रडणाऱ्यांतली मुळीच नाही. त्या दिवशी मात्र तिचे डोळे भरले होते.

"माझा हाय सर. थाळी दिसतच नव्हती. पर पाटीवर निर्मळ लिव्हेल हाय. आमी गढूळ लिव्हलं असतं तर सगळे म्हणले असते, पोरायनी तळ्याची इज्जत घालवली. मंग मी पोळ्याच्या आदीचा आकडा लिव्हला."

मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते. सर रागावतील असं वाटलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बैस कोमल. चूक तुझी न्हाई. मोजायच्या आधीच पाटीनं उत्तर देऊन ठेवलंय. मंग मोजणारानं काय करावं?"

पाटी त्याच संध्याकाळी उतरली. हरिचंद सर दोन दिवस रुसले, मग नवी पाटी आपणच लावणार या अटीवर मानले.

आता नाव पोरांनीच ठेवायचं ठरलं. सरांच्या अटी तीन. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारता आली पाहिजे. पाचवीच्या पोराला वाचता आलं पाहिजे. आणि नावात उत्तर नको. पंच म्हणून मला बसवलं होतं. पोरांनी धडाका लावला. वॉटर वॉरियर्स. जल कमांडो. तळं टायगर्स. सर प्रत्येकाला हसून बाद करत होते. "वॉरियर्स ठीक आहे, पण लढाई कुणाशी? म्हशींशी?" वर्ग खिदळत होता. इतक्या दिवसांनी सरांना असं मोकळं बघून मलाच बरं वाटत होतं.

मग कोमलने हात वर केला. "सर, 'पाणी कसंय?' हे नाव ठेवू."

वर्गात एकदम कल्लोळ. चालतंय, चालतंय! कुणी तरी मागून ओरडून विचारलं, "पाणी कसंय?" पुढच्या बाकाने उत्तर दिलं, "लई गढूळ!" कोमल म्हणाली, "भाभी असंच इचारायच्या ना सर. त्यायला खोटं सांगावंच वाटत नव्हतं. इचारलं की खरंच सांगावं वाटतंय."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. तिन्ही अटी बसत होत्या. खरं तर असं नाव मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. पण सर म्हणाले, "दुसरं सुचवा," आणि खडू ठेवून बाहेर गेले. पोरांना कळेना आपलं काय चुकलं. कोमल तर पार उतरली.

मी त्यांना नळाजवळ गाठलं. ते तोंड धूत होते, पण नळ बराच वेळ उगाच वाहत होता.

"सर, नाव चांगलंय," मी म्हटलं.

"चांगलंच आहे मॅडम. पण ते तिचं आहे." मग म्हणाले, "माझ्याकडे तिचं दुसरं आहे काय? कपडे देऊन टाकले. थाळीला भोक मीच पाडलं. हा एक सवाल राहिलाय. तो पाटीवर रंगवला की कुणीही विचारणार. पानवाला विचारेल, कंडक्टर विचारेल. मग तिचा आवाज मला आठवेल का?"

मी नळ बंद केला.

त्या शनिवारी सरांनी पोरांना घरी पाठवलं आणि एकटेच तळ्यावर गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. मोजलं, थाळी गुंडाळली, घरी आले, कुलूप काढलं. चपला काढताना नेहमीसारखे दोन क्षण थांबले. दोन वर्षं ते तसे थांबतच होते. त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याजवळ उत्तर आहे, दर आठवड्याला असतं, आणि ते तसंच तोंडात राहून जातं. सवाल जपून ठेवला होता खरा, पण तो विचारणारं कुणीच उरलं नव्हतं.

सोमवारी ते पहिल्या तासाच्या आधी आले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : पाणी कसंय? खाली शनिवारचा खरा आकडा. कोमलला म्हणाले, "प्रश्नचिन्ह ठळक काढ पाटीवर. ते दिसलं पाहिजे."

प्रदर्शनात आमचा नंबर आला नाही. जल कमांडो नावाचा प्रयोग मांडणाऱ्या एका शाळेचा आला, त्यांच्याकडे टोप्यासुद्धा होत्या. पण गावात नाव असं पसरलं की पुसू नका. मंजुळाबाई धुणं आपटता आपटता पुलाकडे बघून विचारतात, "काय गं कोमल, पाणी कसंय?" आणि कोमल गढूळ असलं तर गढूळच सांगते. सरांची भीती खरी ठरली, पानवालाही विचारतो. सर प्रत्येकाला थांबून उत्तर देतात. पूर्वी तळ्यावरून ते मधल्या वाटेने घरी जायचे, हल्ली स्टँडवरून वळसा घालून जातात.

मागच्या शनिवारी मीही त्यांच्याबरोबर होते, बाटल्यांचा खोका होता हातात. वाटेत पाचवीतलं एक लेकरू सायकल थांबवून ओरडलं, "सर, पाणी कसंय?" ते गेल्याच वर्षी गावात आलेलं. त्याने भाभींना कधी पाहिलं नव्हतं. "चांगलंय बेटा," सर म्हणाले. घराशी आलो. त्यांनी कुलूप काढलं, उंबऱ्यात चपला काढता काढता थांबले. मी मागे उभी आहे हे ते बहुतेक विसरले होते.

"आज अच्छाय," ते आत बघून म्हणाले. "थाळी बहुत नीचे तक दिखी."

मग माझी चाहूल लागली तसे कानकोंडे झाले. "या मॅडम," म्हणाले, "चहा ठेवतो."